चार भिंती मोजल्या, तरी नकाशा जुळेना: सातवीच्या वर्गाने काढलेला शाळेच्या आवाराचा नकाशा

हे प्रकरण सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेतले आहे. गाव, शाळा आणि माणसांची नावे दिलेली नाहीत.

पार्श्वभूमी

सातवीच्या वर्गात ३१ मुले होती. भूगोल आणि गणित एकाच बाई शिकवत, त्यामुळे दोन्ही विषयांच्या तासिका जोडून घेता आल्या. आवार चौकोनी, चारही बाजूंनी दगडी भिंत, रस्त्याकडच्या भिंतीत लोखंडी फाटक. मागच्या भिंतीलगत पाच खोल्यांची लांबट इमारत, पुढे ध्वजस्तंभ, एका कोपऱ्याजवळ बोअर, पाण्याची टाकी आणि कडुनिंबाची सहा झाडे. साहित्य म्हणून तीस मीटरची एक फायबर टेप, फक्की, बांबूच्या काठ्या, एक साधे होकायंत्र आणि कार्डशीट एवढेच होते.

नकाशाप्रमाणाचा स्वतंत्र पाठ आठवीत येतो. पण सहावी-सातवीच्या पुस्तकातल्या नकाशांवरही प्रमाण छापलेले असते आणि मुले त्याकडे बघतही नाहीत, असे बाईंच्या लक्षात आले होते.

अडचण नेमकी कुठे होती

सुरुवातीला एक छोटी चाचणी घेतली. पहिला प्रश्न असा: १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन गावांत ४ सेंटीमीटर अंतर आहे, तर प्रत्यक्षात किती? ९ जणांनी २ किलोमीटर लिहिले. बाकीच्यांपैकी बहुतेकांनी गुणाकार बरोबर करून २,००,००० पर्यंत मजल मारली, पण पुढे कोणी ‘मीटर’ लिहिले तर कोणी ‘किमी’. हे एकक सेंटीमीटरच राहते, हे त्यांच्या ध्यानातच नव्हते. दुसरा प्रश्न: १:२०० आणि १:५००० यांपैकी मोठे प्रमाण कोणते? २४ जणांनी १:५००० सांगितले, कारण ५००० हा आकडा मोठा.

तिसरे काम होते शाळेचा नकाशा काढण्याचे. बहुतेक कागदांवर इमारत समोरून दिसते तशी आली: पायऱ्या, खिडक्या, वरती कौले आणि फडकणारा झेंडा. भिंत मात्र वरून पाहिल्यासारखी. एकाच चित्रात दोन नजरा.

म्हणजे गोंधळ तीन प्रकारचा होता: वरून पाहणे, प्रमाण म्हणजे गुणोत्तर हे कळणे आणि एककांची अदलाबदल. फळ्यावर उदाहरणे सोडवून तिसरा सुटला असता. पहिल्या दोनसाठी कागदाबाहेर पडावे लागणार होते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय उपग्रह छायाचित्राचा. मोबाइलवर आवार वरून दिसते, मुलांना आवडतेही. पण त्यात मोजण्याचे काम यंत्राने आधीच केलेले असते. प्रमाण कोणी ठरवले, का ठरवले, हा प्रश्नच येत नाही. हा पर्याय शेवटी पडताळणीसाठी ठेवला.

दुसरा, पावलांनी मोजून रेखाटन करणे. साहित्य लागत नाही, सगळ्या मुलांना एकाच वेळी काम मिळते. पण धावत-चालत पावले बदलतात आणि शेवटी चूक मोजण्यातली की काढण्यातली हे सांगता येत नाही.

तिसरा, टेपने सगळे मोजणे. यात एक टेप आणि ३१ मुले हे गणित बसत नव्हते.

ठरले ते असे: आवाराची चौकट टेपने, आतल्या वस्तू पावलांनी आणि महत्त्वाच्या दोन-तीन जागा पुन्हा टेपने. चौकट पक्की असेल तर आतली चूक लगेच उघडी पडते, हा त्यामागचा हिशेब.

पहिला निर्णय: प्रमाण कोणते घ्यायचे

आवाराची सर्वांत लांब बाजू ६४ मीटरची. १:१०० प्रमाण घेतले तर ती ६४ सेंटीमीटर होते आणि अखंड कार्डशीटवर मावते. शिक्षकांना हे प्रमाण सोपे वाटते, कारण १ मीटरला १ सेंटीमीटर. इथे तेच अडचणीचे होते. वर्गाची खोली आधी १:१०० ने काढून पाहिली तेव्हा मुलांनी आकडा तोच ठेवला आणि ‘मीटर’ खोडून ‘सेमी’ लिहिले. नकाशा बरोबर आला, पण प्रमाणाचा विचार कोणाच्याही डोक्यात झाला नाही. तीच खोली १:५० ने काढायला सांगितल्यावर ७ मीटरची भिंत १४ सेंटीमीटरची झाली आणि खरे प्रश्न सुरू झाले: “बाई, नकाशा मोठा झाला, मग आकडा लहान कसा?” हाच प्रश्न हवा होता.

म्हणून आवारासाठी १:२०० घेतले. १ सेंटीमीटर म्हणजे २ मीटर. मोजलेल्या अंतराचे निम्मे करायचे. अर्ध्या कार्डशीटवर नकाशा बसतो आणि पाच गटांना तीन शीट पुरतात. आणखी एक गोष्ट मुलांकडून काढून घेतली. पेन्सिलची रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरली, तर १:२०० वर ती रेघच जमिनीवरची १० सेंटीमीटर झाकते. म्हणजे बाहेर मोजताना मिलिमीटरसाठी भांडण्यात अर्थ नाही. १० सेंटीमीटरपर्यंत मोजले की पुरे.

मोजणी

आधी प्रत्येकाने आपले पाऊल ठरवले. वीस मीटरची फक्कीची रेघ मारून तीनदा चालायचे आणि सरासरी घ्यायची. एका मुलीची ३६ पावले झाली, म्हणजे एक पाऊल साधारण ५६ सेंटीमीटर. पहिल्या फेरीत मुले एकमेकांशी शर्यत लावत होती आणि पावले लांबत होती. एकेकट्याला, कोणाशीही न बोलता चालायला लावल्यावर तिन्ही फेऱ्यांतला फरक एक-दोन पावलांवर आला.

टेपच्या बाबतीत तीन चुका झाल्या आणि त्या बहुतेक ठिकाणी होतात. पहिली, शून्य कुठे आहे हे न पाहणे. काही टेपवर शून्य कडीच्या टोकापासून धरतात, काहींवर कडीनंतर थोडा कोरा भाग सोडून ते छापलेले असते. दुसरी, उलटी बाजू वाचणे. एका गटाने फुटांची बाजू वाचली आणि १३८ लिहून आणले. ४२ मीटरच्या भिंतीला १३८ हा आकडा मुलांना खटकला नाही. पावलांचा अंदाज आधी लिहिलेला असता तर खटकला असता. तिसरी चूक सर्वांत महागडी. ६४ मीटरच्या भिंतीला टेप तीनदा लावावी लागते. एका गटाने मधली एक टेप मोजायचीच विसरून ३४ मीटर लिहिले.

मुलांचा सगळा जीव मात्र टेप काटेकोर सरळ रेषेत धरण्यात गुंतला होता. प्रत्यक्षात ६४ मीटरच्या अंतरात टेप मध्यावर एक मीटर बाजूला सरकली, तरी लांबी जेमतेम ३ सेंटीमीटरने वाढते. मोजायची राहिलेली टेप ३० मीटर घेऊन जाते. मग भूमापक करतात तसा उपाय केला. पुढे चालणाऱ्याच्या हातात मोजून काड्या दिल्या. प्रत्येक टेपच्या शेवटी त्याने एक काडी जमिनीत रोवायची, मागच्याने ती उचलायची. शेवटी मागच्याच्या हातातल्या काड्या म्हणजे पूर्ण टेपा.

कोपऱ्यांना फाटकाजवळच्या कोपऱ्यापासून अ, ब, क, ड अशी नावे दिली. मापे आली ती अशी: अब ५८.० मीटर (रस्त्याकडची भिंत), बक ३६.५, कड ६४.३ (मागची भिंत) आणि डअ ४२.०.

दुसरा निर्णय: चौकट जुळत नाही तेव्हा

पाचही गटांनी गुण्या घेतला आणि अ व ब या दोन्ही कोपऱ्यांवर काटकोन काढले. आवार काटकोनी आहे का, हे कोणी विचारले नव्हते. चौकोन म्हणजे काटकोन हे त्यांच्या मनात पक्के होते. कागदावर अब २९ सेंटीमीटर, बक १८.२५, अड २१. आता क आणि ड जोडले तर रेघ २९.१ सेंटीमीटर आली. यायला हवी होती ३२.१५. तीन सेंटीमीटर कमी, म्हणजे जमिनीवरचे सहा मीटर!

दोन गटांना वाटले मोजणी चुकली. एक गट पुन्हा मोजून आला, आकडा तोच. एका गटाने गुपचूप २९.१ ची रेघ मारून तिच्यावर ‘६४.३ मी.’ लिहून टाकले. बाईंनी तो नकाशा खोडायला लावला नाही. पट्टीने ती रेघ मोजून दाखवली आणि विचारले, “या नकाशावरून नवा माणूस मागची भिंत किती लांब समजेल?”

इथे दोन वाटा होत्या. ‘आवार काटकोनी नाही, कोपरे कोनमापकाने मोजा’ असे सांगता आले असते. पण भिंतीच्या कोपऱ्यात हातभर आकाराचा कोनमापक लावून कोन मोजला, तर दोन-तीन अंशांची चूक सहज होते आणि ६० मीटरवर प्रत्येक अंशाला सुमारे एक मीटर सरकतो. दुसरी वाट कर्ण मोजण्याची. ती निवडली, पण सांगितली नाही. खराट्याच्या चार काड्या टोकांना दोऱ्याने बांधून चौकट केली. ती हाताने दाबली की तिरकी होते, बाजू मात्र त्याच राहतात. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही. चौकटीत एक आडवी काडी बांधली की तीही हलायची थांबते. मुलांनी स्वतःच म्हटले, “मग अ पासून क मोजू.”

अक आला ७३.४ मीटर. दुसरा कर्ण, बड, इमारत मध्ये आल्याने मोजता आला नाही. हे आधीच ओळखून कोणता कर्ण मोकळा आहे ते पाहून ठेवावे लागते. नाहीतर मुले मैदानात थांबून राहतात.

मग नवी अडचण. कागदावर अक ३६.७ सेंटीमीटर होतो आणि कंपासपेटीतला कंपास तेवढा उघडतच नाही. दोऱ्याला पेन्सिल बांधून कंस काढले, पण दोरा ताणला जातो आणि पेन्सिल कलते. दोन्ही मिळून अर्धा सेंटीमीटर सहज चुकला. पुठ्ठ्याच्या लांब पट्टीने काम झाले. एका टोकाला टाचणी, हव्या त्या अंतरावर पेन्सिलचे टोक जाईल एवढे भोक. अ पासून ३६.७ चा कंस, ब पासून १८.२५ चा कंस, जिथे छेदतात तिथे क. मग अ पासून २१ आणि क पासून ३२.१५, तिथे ड. चौकट मिटली.

हीच युक्ती आतल्या वस्तूंना लावली. बोअर अ पासून १७ मीटर आणि ब पासून ४६ मीटर, कागदावर ८.५ आणि २३ सेंटीमीटरचे कंस. इमारतीचे पुढचे दोन कोपरे असेच बसवले. झाडे मात्र पावलांनी.

पडताळणीसाठी एक अंतर मुद्दाम वापरलेले नव्हते: ध्वजस्तंभापासून क कोपरा. प्रत्येक गटाने आधी ते नकाशावरून काढायचे, मग टेपने मोजायचे. जमिनीवर ते ४४.७ मीटर भरले. चार गटांचे उत्तर ४४.२ ते ४५.४ मीटरच्या दरम्यान आले. पाचव्याचे ४१ आले. त्यांनी ध्वजस्तंभ पावलांनी बसवला होता आणि दुसऱ्याच मुलाचे पाऊल धरले होते.

उत्तर दिशा कुठे आहे

फाटकाजवळ धरलेले होकायंत्र आणि मैदानात धरलेले होकायंत्र यांत चांगला वीसेक अंशांचा फरक पडला. लोखंडापासून दूर गेले की फरक मिटतो, हे मुलांनी चालत-चालत पाहिले. तरीही खात्री म्हणून सावलीची पद्धत केली. मीटरभर उंचीची सरळ काठी ओळंबा लावून उभी केली, तिच्याभोवती ९० सेंटीमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले. सावलीचे टोक सकाळी वर्तुळाला शिवते तिथे एक खूण, दुपारी पुन्हा शिवते तिथे दुसरी. दोन खुणा जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम आणि तिच्या मध्यातून काठीकडे जाणारी उत्तर-दक्षिण. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात या खुणा साडेअकराच्या थोड्या आधी आणि एक वाजून वीस मिनिटांच्या सुमारास झाल्या. मध्य बाराला न येता १२:२२ च्या आसपास येतो, याचे मुलांना नवल वाटले. साताऱ्याच्या बाजूला सूर्य भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापेक्षा अर्धा तास उशिरा माथ्यावर येतो आणि त्या दिवसांत सूर्य घड्याळाच्या दहा मिनिटे पुढे असतो.

हा प्रयोग शनिवारी ठेवला होता आणि फसला. शनिवारची शाळा सकाळची. दुसरी खूण होण्याआधी शाळा सुटते. मंगळवारी पुन्हा करावा लागला.

उत्तरेची रेघ नकाशावर आली ती तिरकी, कागदाच्या वरच्या कडेपासून २५ अंश डावीकडे. “उत्तर वर असते ना?” हा आग्रह इतका होता की एका गटाला पूर्ण नकाशा फिरवून पुन्हा काढायचा होता. तसे करू दिले नाही. बाण तिरका राहू दिला आणि प्रत्येक गटाला नकाशा घेऊन मैदानात उभे केले: कागद असा फिरवा की त्यावरची रस्त्याकडची भिंत खऱ्या भिंतीला समांतर होईल. तेव्हा बाण सावलीच्या रेघेवर येऊन बसला. पाच मिनिटांचे काम, पण दिशांचा वाद तिथेच संपला.

झेरॉक्सचा घोटाळा

सर्वांत चांगला नकाशा ए-३ कागदावर उतरवून घेतला आणि प्रत्येक मुलाला मिळावा म्हणून दुकानातून ए-४ वर लहान करून आणला. दुसऱ्या दिवशी एका मुलाने आपल्या प्रतीवर रस्त्याकडची भिंत मोजली: २०.५ सेंटीमीटर. खाली लिहिले होते १:२००. म्हणजे ४१ मीटर. भिंत तर ५८ ची!

हा प्रसंग ठरवून आणलेला नव्हता, पण त्यासाठी पूर्ण तासिका दिली गेली, आणि ते योग्यच झाले. ए-३ चे ए-४ करताना लांबी सुमारे ७१ टक्के होते. नकाशा लहान झाला, खाली लिहिलेले १:२०० तसेच राहिले. प्रतीचे खरे प्रमाण १:२८३ च्या जवळ. सुदैवाने एका मुलीने मूळ नकाशावर हौसेने रेषाप्रमाणाची पट्टीही काढली होती, ५ सेंटीमीटरची, दहा मीटर दाखवणारी. प्रतीवर ती पट्टी साडेतीन सेंटीमीटरची झाली होती, पण अजूनही दहा मीटरच दाखवत होती. पुस्तकात रेषाप्रमाण वेगळे का देतात, हे त्या दिवशी समजावून सांगावे लागले नाही.

त्यानंतर तोच नकाशा वहीच्या पानावर १:५०० ने काढला. टाकीखालचा ९० सेंटीमीटरचा नळाचा चौथरा १:२०० वर साडेचार मिलिमीटर होता, तो दोन मिलिमीटरांहून लहान झाला. झाडांचे गोल एकमेकांत शिरले. काय ठेवायचे, काय गाळायचे आणि कशाला फक्त चिन्ह द्यायचे, हे ठरवताना बृहद्प्रमाण आणि लघुप्रमाण हे शब्द सहज आले.

निकाल

चार आठवड्यांनी चाचणीतले पहिले दोन प्रश्न आकडे बदलून पुन्हा दिले. २८ मुले हजर होती. किलोमीटरचे उत्तर २२ जणांनी बरोबर दिले, मोठे प्रमाण २५ जणांनी ओळखले. इमारत समोरून काढणारे कोणी उरले नाही.

क्षेत्रफळ मात्र हुकले. नकाशावरचे चौकोन मोजून मुलांना ६०३ चौरस सेंटीमीटर मिळाले आणि बहुतेकांनी त्याला २०० ने गुणले. उत्तर आले १२ चौरस मीटर. म्हणजे पूर्ण शाळा वर्गाच्या खोलीपेक्षा लहान. प्रत्येक चौरस सेंटीमीटर २ मीटर गुणिले २ मीटर, म्हणजे ४ चौरस मीटर, हे पटवून दिल्यावर उत्तर २,४१२ चौरस मीटर, सुमारे २४ आर आले. मुख्याध्यापकांनी दाखवलेल्या उताऱ्यावर २५ आर होते. उरलेला फरक भिंतीबाहेर सोडलेल्या जागेचा की मोजणीचा, हे ठरले नाही आणि ठरवण्याचा प्रयत्नही केला नाही. पण पालकांपैकी दोघे-तिघे गुंठ्यांत हिशेब करून गेले.

पुन्हा केल्यास काय बदलावे

चाचणीत चुकलेल्या सहा जणांपैकी चौघे मोजणीभर फक्त टेपचे टोक धरून उभे होते. आकडा लिहिणे आणि कागदावर निम्मे करणे ही कामे प्रत्येक गटात एक-दोन चुणचुणीत मुलांकडेच राहिली. प्रत्येक भिंतीला कामे फिरवायला हवी होती: एक भिंत टोक धरायचे, पुढची वाचायची, त्यापुढची लिहायची.

प्रत्येक मापाआधी पावलांचा अंदाज लिहिण्याची सक्ती पहिल्याच दिवसापासून हवी. फुटांची बाजू आणि विसरलेली टेप या दोन्ही चुका तिथेच पकडल्या गेल्या असत्या. तशा त्या संध्याकाळी वह्या तपासताना सापडल्या.

क्षेत्रफळाचा भाग याच उपक्रमात घुसवायला नको होता. लांबीचे प्रमाण नुकतेच बसत असताना त्याचा वर्ग करायला लावल्याने पाच-सहा मुलांचे आधीचे उत्तरही डळमळले. काटकोनाची चूक मात्र पुन्हाही होऊ द्यावी. फक्त एक काळजी घ्यावी: आवार खरेच काटकोनी आहे का, हे शिक्षकांनी आदल्या दिवशी कर्ण मोजून पाहावे. ते काटकोनी निघाले तर चौकट पहिल्याच फटक्यात जुळेल आणि कर्णाची गरज कोणाला भासणारच नाही. मग मोजणीसाठी आवाराऐवजी तिरक्या बांधाचे शेजारचे वावर घ्यावे.